चेहरा झाकला, साडीने सांगितलं

(विद्यार्थ्यांसाठी सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

आजचं बोलणं कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. पण रेडिओ लावून निवडायला-टिपायला बसलेल्या गटाच्या बायांनीही ऐकावं, कारण मोबाइलचा कॅमेरा मुलांच्या हातात असतो आणि त्याच्यासमोर बसलेली बाई आपल्यातलीच असते.

आम्ही मुंबईत पवईला बचत गटांचं काम बघतो. ज्यांनी पवई पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मध्ये मोठा तलाव आहे, त्याच्या एका अंगाला आयआयटीचं झाडीतलं आवार आहे, जवळच हिरानंदानीचे उंच टॉवर आहेत आणि डोंगराच्या उतारावर आमच्या वस्त्या आहेत. टॉवरमधल्या पोळ्या, भांडी, लादी, लहान मुलं सांभाळणं, ही कामं वस्तीतल्या बाया करतात. कॉलेजची मुलं दरवर्षी प्रकल्पासाठी येतात. कोणाकडे जायचं, कोण बोलेल, हे आम्हीच दाखवतो. म्हणून पुढे जे सांगणार आहोत त्यात चूक एकट्या मुलांची नाही, आमचीही आहे.

काही वर्षांपूर्वी चार विद्यार्थी आले. घरकाम करणाऱ्या बायांचा पगार आणि सुट्ट्या यांवर त्यांना छोटी फिल्म करायची होती. गटातल्या एक मावशी बोलायला तयार झाल्या. एका घरी त्या आठ वर्षं काम करत होत्या आणि आजारपणाच्या सुट्टीचे पैसे त्यांच्या पगारातून कापले गेले होते. त्यांची अट एकच होती, "माझं तोंड दिसता कामा नये." मुलांनी शब्द पाळला. फिल्ममध्ये मावशींच्या चेहऱ्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत धुरकट गोळा होता. नावही कुठे नव्हतं.

फिल्म कॉलेजात दाखवली गेली, मग कोणीतरी ती मोबाइलवर पुढे पाठवली. दुसऱ्याच दिवशी सकाळी नळावर एकीने मावशींना म्हटलं, "काल तुम्हाला बघितलं हो मोबाइलवर, छान बोललात." चौथ्या दिवशी टॉवरमधून फोन आला, उद्यापासून येऊ नका. आठ वर्षांचं काम गेलं.

इथे एक सांगून ठेवतो. मावशींच्या आणि त्या घराच्या ज्या खुणा आम्ही आज सांगू, साडीचा रंग, किती वर्षांचं काम, हातावरचं गोंदण, बोलीभाषा, त्या सगळ्या मुद्दाम बदललेल्या आहेत. तशा न बदलता सांगितल्या, तर तीच चूक रेडिओवरून पुन्हा होईल.

मुलं हादरली होती. त्यातली एक मुलगी म्हणत होती, "पण ताई, चेहरा तर कुठेच दिसत नाही." मग आम्ही सगळे एकत्र बसलो आणि तीच फिल्म दोनदा लावली. एकदा आवाज बंद करून नुसतं बघितलं, आणि एकदा मोबाइल उपडा ठेवून नुसतं ऐकलं. वहीत लिहीत गेलो.

आधी बघितलेलं सांगतो. मावशींनी मुलाखतीसाठी चांगली साडी नेसली होती, म्हणजे गटाची. आठ मार्चच्या कार्यक्रमाला आम्ही चौदा जणींनी एकाच दुकानातून घेतलेली, जांभळी, हिरव्या काठाची. पवईत माणसं लाखोंनी आहेत, पण ती साडी चौदाच जणींकडे आहे. म्हणजे मावशींनी एक शब्द बोलण्याआधीच ही बाई चौदांपैकी एक आहे हे ठरलं. त्या चौदांत टॉवरमध्ये घरकाम करणाऱ्या नऊ. त्या नऊ जणींत उजव्या हातावर तुळशीचं गोंदण असलेल्या दोन. कॅमेऱ्यात तो हात दिसतो, कारण मावशी बोलताना हातवारे करतात. आणि मागे निळी भिंत, तिच्यावर भांड्यांची मांडणी, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी. त्या दोघींपैकी एकीच्याच खिडकीतून टाकी दिसते. चौदा, नऊ, दोन, एक. चेहऱ्याची गरजच पडली नाही.

आता ऐकलेलं. मावशी मूळच्या वऱ्हाडातल्या. इतक्या वर्षांत मुंबईची भाषा आली तरी तो हेल गेलेला नाही. आवाज थोडा घोगरा आहे, आणि दर दोन वाक्यांनी त्या "मंग बघा" म्हणतात आणि जरा हसतात. आमच्यातल्या कोणीही हे डोळे मिटून ओळखलं असतं. पण आणखी एक गोष्ट निघाली आणि ती ऐकून सगळेच गप्प झाले. मुलाखत चालू असताना बाहेरून शेजारीण हाक मारते, अमक्याची आजी, म्हणून. नातवाचं नाव स्पष्ट ऐकू येतं. चौघांनी ती फिल्म संपादन करताना पन्नासदा ऐकली असेल, पण त्यांचं लक्ष मावशींच्या बोलण्याकडे होतं. मागचा आवाज त्यांच्या कानांनी गाळून टाकला होता. मोबाइलचा माईक काही गाळत नाही.

तरी एक प्रश्न उरत होता. टॉवरमधल्या बाईंना गटाची साडी माहीत नाही, नातवाचं नाव माहीत नाही, मावशींचं घर तर त्यांनी कधी बघितलेलंच नाही. मग त्यांनी कसं ओळखलं? वहीवरून आम्ही त्या वाक्यावर आलो. मावशी म्हणतात, "त्यांच्या कुत्र्याला रोज चिकन शिजवते मी, आठ वर्षं झाली, आणि माझे चार दिवसांचे पैसे कापले." कुत्रं, रोजचं चिकन, आठ वर्षं, चार दिवस. हे चारही एकत्र फक्त एकाच घराला माहीत होतं. शेजारणीने साडीवरून ओळखलं, मालकिणीने गोष्टीवरून ओळखलं, आणि दोघींनाही खात्री पटली ती आवाजावरून.

इथे मुलांनी नीट थांबावं असं आम्हाला वाटतं. चेहरा धुरकट करून आपण कोणापासून लपवतो? ज्याने मावशींना कधी बघितलंच नाही त्याच्यापासून. पण अनोळखी माणसाला चेहरा उघडा दाखवला असता तरी तो काय ओळखणार होता? मावशींचं नुकसान करू शकतात ती ओळखीची माणसं, म्हणजे मालकीण, नवरा, सासर, सावकार, मुकादम, भाऊबंद. त्यांना चेहऱ्यावाचून दहा खुणा पाठ असतात. अंधारात दारावरच्या खोकल्यावरून आपण घरचं माणूस ओळखतो. फोनवर नुसत्या "हां, बोल"वरून बहीण ओळखतो. बाजारात पाठमोरी चालणारी जाऊ तिच्या चालीवरून कळते. आपण चेहरा झाकतो तेव्हा यातलं काहीच झाकलं जात नाही.

मुलांनी मग विचारलं, आवाज बदलून टाकला असता तर? मोबाइलमध्ये आवाज जाड किंवा बारीक करण्याची सोय असते. आम्ही तेही करून बघितलं. मावशींचा आवाज जाड केला, अगदी पुरुषासारखा. पण जाड-बारीक करताना बदलते ती फक्त पट्टी. गाणं काळी चारच्या ऐवजी काळी एकमध्ये म्हटलं तरी गाणं तेच राहतं, तसं. हेल तोच, कुठे थांबायचं तेही तसंच, "मंग बघा" जागच्या जागी आणि हसूही तिथेच. दुसरी अडचण अशी की सगळा आवाज एकसारखा खाली आणलेला असेल, तर कोणीही तो तितकाच वर नेऊ शकतो. आमच्यातल्या एका मुलाने दोन मिनिटांत तो परत वर नेऊन दाखवला, आणि पुन्हा मावशीच बोलायला लागल्या. म्हणूनच बीबीसीसारख्या जुन्या प्रसारण संस्थेच्या नियमात लिहिलेलं आहे की आवाज यंत्राने वाकडा करण्यापेक्षा ते बोलणं दुसऱ्या माणसाच्या आवाजात घ्यावं, कारण यंत्राने वाकडा केलेला आवाज सरळ करता येतो.

चित्राचंही काही वेळा तसंच असतं. २००७ साली इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेने एका गुन्हेगाराचा फोटो जगभर प्रसिद्ध केला. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या त्या माणसाने फोटोतला स्वतःचा चेहरा संगणकावर भोवऱ्यासारखा फिरवून टाकला होता. जर्मनीतल्या पोलीस तज्ज्ञांनी तो भोवरा उलटा फिरवून चेहरा परत मिळवला, आणि त्याच वर्षी तो माणूस थायलंडमध्ये पकडला गेला. तिथे ते चांगलंच झालं. पण जी युक्ती गुन्हेगाराच्या कामी आली नाही ती आपल्या मावशींच्या कामी येईल, असं धरून चालता येत नाही. नुसते चौकोन चौकोन करून झाकलेला चेहरा भरपूर धुरकट केलेल्या चेहऱ्यापेक्षा कच्चा असतो, हेही बीबीसीच्या नियमात आहे. आणि मोबाइलवर धुरकट गोळा चेहऱ्याच्या मागे आपोआप सरकतो ना, तो कधी कधी चुकतो. माणूस चहा घ्यायला खाली वाकलं, बाजूला वळलं, की अर्ध्या सेकंदासाठी गोळा मागे राहतो. फिल्म चालू असताना ते लक्षात येत नाही, पण बघणारा तिथे थांबवून स्क्रीनशॉट काढू शकतो. म्हणून संपादन झाल्यावर पूर्ण फिल्म एकदा अगदी हळू, थांबत थांबत बघायची. कंटाळवाणं काम आहे, पण ते दुसऱ्यावर टाकू नये.

आता कायद्याचं थोडं बोलतो, कारण काही बाबतींत हा आपल्या मर्जीचा प्रश्नच नाही. बलात्कार किंवा तशा अत्याचारातून गेलेल्या स्त्रीची ओळख छापणं किंवा दाखवणं हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७२ मध्ये आहे, आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचं कलम २३ आणखी स्पष्ट आहे. नाव, पत्ता, फोटो याबरोबरच घरची माहिती, शाळा, शेजारपाजार, आणि ज्यावरून मूल ओळखू येईल असा कुठलाही तपशील, असं त्यात सांगितलेलं आहे. नुसता चेहरा झाकून शाळेचा गणवेश दाखवला, तर तो तपशीलच झाला.

११ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना खटल्यात हेच धरून सांगितलं की दूरान्वयानेही जिच्यामुळे पीडिता ओळखता येईल अशी माहिती उघड करायची नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही २०२१ मध्ये याबाबत सूचना दिल्या. आईवडिलांची नावं, आरोपीशी असलेलं नातं, गाव, कामाचं ठिकाण, शाळा-कॉलेज, हे सांगू नये असं त्यात होतं. नात्याची बाब बघा. एका बातमीत आरोपीचं नाव आलं आणि दुसऱ्या बातमीत "काकाने पुतणीवर" असं आलं, तर दोन्ही बातम्या वेगवेगळ्या बघितल्या की निर्दोष वाटतात. शेजारी ठेवल्या की मुलगी समोर उभी राहते.

मावशींचं प्रकरण या कायद्यांत बसत नाही. पगाराबद्दल बोलणाऱ्या बाईची ओळख लपवायला कोणता कायदा सक्ती करत नाही, तिथे फक्त तुम्ही दिलेला शब्द असतो.

मुलांनी फिल्म सगळीकडून काढून घेतली. पुढे पाठवलेल्या प्रती मात्र कोणाच्याच हातात नव्हत्या. ही गोष्ट होकार घेण्याआधी बाईला सांगायला हवी. "आम्ही नंतर काढून टाकू" असं वचन मोबाइलच्या बाबतीत देताच येत नाही. मग दोन महिन्यांनी मावशी आपणहून म्हणाल्या, काम गेलंच आहे, तर आता नीट करा. त्या दुसऱ्या वेळी काय काय केलं ते सांगतो.

पहिला प्रश्न मावशींना विचारला तो कॅमेरा काढण्याआधी. "कोणी ओळखलेलं तुम्हाला नको आहे?" त्यांनी दोन नावं सांगितली. एक मालकीण, कारण नवं काम त्याच संकुलात मिळालं होतं आणि बाया एकमेकींना विचारतात. दुसरं त्यांच्या जावयाचं. जावयाचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. मग या दोघांना काय काय माहीत आहे याची यादी मावशींनीच केली. जावयाला घर माहीत, साड्या माहीत, आवाज माहीत. त्याला पगाराची गोष्ट माहीत नव्हती, आणि तीच त्याला कळायला नको होती.

त्यामुळे घरात चित्रीकरण करायचंच नाही असं ठरलं. समाजमंदिराच्या रिकाम्या खोलीत, कोऱ्या भिंतीसमोर बसवलं. अंगावर साडी त्यांची नव्हती. गटातलीही नव्हती. एका विद्यार्थिनीच्या आजीची जुनी साडी आणली आणि वरून साधी शाल घेतली, गोंदण झाकेल अशी. बांगड्या, मंगळसूत्र, घड्याळ, चप्पल, सगळं बदललं किंवा काढलं. पाठीमागून उजेड घेऊन नुसती काळी आकृती दाखवावी असं एक मुलगा म्हणाला. करून बघितलं, तर मावशींची बसण्याची ढब, मान तिरकी करायची सवय त्या काळ्या आकृतीत आणखीच उठून दिसली. शेवटी त्या फिल्ममध्ये मावशी फारशा नाहीतच. पोळपाट, दोरीवर वाळणारे कपडे, लिफ्टची बटणं, अशी चित्रं आहेत, आणि ती चित्रंही मावशी काम करतात त्या इमारतीतली नाहीत.

बोलणं मावशींचंच, पण आवाज दुसरीचा. मावशींनी सांगितलेलं आधी लिहून काढलं. मग लिहिलेल्यातला वऱ्हाडी हेल आणि "मंग बघा" काढलं. आठ वर्षांचं "बरीच वर्षं" केलं, चार दिवसांचं "काही दिवस" केलं. मुलांना ते जड गेलं, कारण आकडे आणि बोली यांनीच बोलण्यात जीव येतो असं त्यांना शिकवलेलं असतं, आणि ते खरंही आहे. पुढे हा मजकूर पवईत न राहणाऱ्या एका मुलीने वाचला, आणि आवाज दुसरीचा आहे, तपशील बदलले आहेत, हे फिल्मच्या सुरुवातीलाच लिहिलं. बघणाऱ्याला फसवायचं नसतं. मूळ रेकॉर्डिंग मावशींसमोर मोबाइलमधून काढलं, डिलीट झालेल्या फायलींच्या कप्प्यातूनही काढलं, आणि ते कुठल्याही ग्रुपवर कधी टाकलेलं नव्हतं.

मग परीक्षा घेतली. मावशींच्या परवानगीने गटातल्या एका विश्वासू ताईंना फिल्म दाखवली आणि विचारलं, ही कोण असेल? त्या म्हणाल्या, "कोणी का असेना, आपल्याकडे पाच-सहा जणींचं असंच झालंय." पाच-सहा जणी डोळ्यांसमोर आल्या, एक नाही. आम्हाला एवढंच हवं होतं. त्यांनी एकच नाव घेतलं असतं तर पुन्हा काम करावं लागलं असतं.

खेड्यातल्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे ही परीक्षा फार कठीण आहे. पवईत निदान पाच-सहा जणी मिळाल्या. साठ घरांच्या वाडीत विहिरीवरून भांडण झालेली, किंवा कर्जाच्या हप्त्यासाठी घर विकलेली बाई एकच असते. तिचा चेहरा, आवाज, साडी, घर, सगळं बदललं तरी गोष्टच तिची ओळख असते. तिथे विद्यार्थ्यांनी गावाचं नाव, तालुका, साल गाळावं, दोन-तीन गावांच्या गोष्टी एकत्र करून तसं सांगावं, आणि तरीही ओळख राहत असेल तर ती गोष्ट दाखवू नये. असं म्हणायला आम्हालाही आवडत नाही, कारण मग सांगायचं कोणी, हा प्रश्न राहतोच.

मावशींना दुसरी फिल्म आवडली, पण एका बाबतीत त्या अजून आमच्यावर नाराज आहेत. कुत्र्याचं वाक्य त्यांना हवं होतं. "तेच तर खरं आहे, तेच काढता?" असं त्या म्हणाल्या. काम गेलं, आता भीती कसली, असंही म्हणाल्या. पण त्या घरी आता वस्तीतलीच दुसरी एक बाई काम करते आणि त्या कुत्र्याला चिकन तीच शिजवते. ते वाक्य ऐकून मालकीण यावेळी कोणाकडे बघेल, असं आम्ही विचारलं. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "काढा तर मग." वाक्य काढलं. अजून भेटल्या की त्या वाक्याची आठवण करून देतात.